‘तू’, ‘तुम’ की ‘आप’? हिंदीभाषक जोडीदाराला लिहिताना

आमचं लग्न ठरलं तेव्हा मी पुण्यात होते आणि तो लखनौला. रात्री फोन, दिवसभर मेसेज. एका दुपारी मी त्याला लिहिलं, ‘तू कब आ रहा है?’ पाच मिनिटांत फोन वाजला. ‘किस बात पर नाराज़ हो?’ मी नाराज नव्हतेच. उलट तोवर सांभाळून वापरलेलं ‘आप’ त्या दिवशी पहिल्यांदा सोडलं होतं. माझ्या मनात ‘तू कधी येतोयस?’ होतं, आणि मराठीत त्यात माया सोडून दुसरं काही नाही. त्याच्या घरात मात्र ‘तू’ हा शब्द भांडणात निघतो, देवापुढे निघतो किंवा शाळेतल्या मित्राशी बोलताना निघतो. होणारी बायको तो लिहील, असं त्याला वाटलंच नव्हतं.

मराठी आणि हिंदी दोन्ही भाषांत समोरच्याला हाक मारायच्या तीन पायऱ्या आहेत. मराठीत तू, तुम्ही, आपण. हिंदीत तू, तुम, आप. शब्द इतके सारखे दिसतात की आपण एकाखाली एक ठेवून जोड्या लावून टाकतो. चूक तिथेच होते. आता घरात दोन्ही भाषा रोज लिहिल्या जातात. त्या अनुभवावरून हे लिहिते आहे, विशेषतः ज्यांचा जोडीदार उत्तर प्रदेश, बिहार, मध्य प्रदेश किंवा दिल्लीकडचा आहे त्यांच्यासाठी.

आधी पायऱ्या नीट जुळवून घ्या

मराठी ‘तू’ची खरी जोडी हिंदी ‘तुम’शी आहे आणि मराठी ‘तुम्ही’ची हिंदी ‘आप’शी. हिंदी ‘तू’ला मराठीत वेगळी पायरीच नाही, कारण आपला ‘तू’ ते सगळं काम पोटात घेतो. आपण आईला ‘तू’ म्हणतो, विठ्ठलाला ‘तू’ म्हणतो, मैत्रिणीला ‘तू’ म्हणतो आणि रागावलो तरी ‘तू’च म्हणतो. त्यामुळे आपल्या ‘तू’ला धार नाही, राग असलाच तर तो बाकीच्या वाक्यात असतो. हिंदीत बरंचसं जवळचं बोलणं ‘तुम’ने उचललेलं आहे. ‘तू’कडे उरतं ते एक तर फार आतलं किंवा फार उर्मट. फोनवर आवाजावरून कळतं की यातलं कोणतं आहे. लिहिलेल्या ओळीला आवाज नसतो, म्हणून वाचणारा बहुतेक वेळा दुसरा अर्थ धरतो.

उलटा घोळ ‘तुम’चा. ‘तुम्ही’ आणि ‘तुम’ कानाला एकच वाटतात. सासूबाईंना मनातल्या मनात ‘तुम्ही कशा आहात?’ म्हणत आपण ‘तुम कैसी हो?’ लिहून जातो. आपल्या बाजूने आदर असतो, त्यांच्या बाजूने सून एकेरीवर आलेली असते. तिथे ‘आप कैसी हैं?’ हवं. जोडीदाराबाबतही हेच: त्याला किंवा तिला ‘अहो, तुम्ही’ म्हणायची तुमच्या घरची पद्धत असेल, तर हिंदीत ‘तुम’ लिहून ती पाळली जात नाही.

तिसरा शब्द सर्वांत फसवा आहे. मराठी ‘आपण’ दोन टोकांना उभा असतो. ‘आपण कधी येणार आहात?’ म्हणजे समोरच्याला दिलेला मोठा मान, आणि ‘आपण कधी येणार आहोत?’ म्हणजे तू आणि मी मिळून. फरक फक्त क्रियापदात आहे. माझ्या नवऱ्याने मराठी शिकायला सुरुवात केली तेव्हा ‘आपण शनिवारी सिंहगडावर जाऊ’ हे माझं वाक्य त्याने ‘आप शनिवार को जाइए’ असं वाचलं आणि विचारलं, ‘और तुम?’ म्हणून हिंदीत लिहिताना दोघांचं ‘आपण’ नेहमी ‘हम’ किंवा ‘हम दोनों’ करा. भोपाळ, इंदूरकडचा जोडीदार असेल तर तो या अर्थाने ‘अपन’ म्हणेल आणि आपल्याला ते घरचंच वाटेल. लखनौत ते चालत नाही.

मग जोडीदाराच्या घरचा कान ओळखा

‘हिंदीत नवराबायको एकमेकांना काय म्हणतात?’ या प्रश्नाला एकच उत्तर नाही. लखनौच्या जुन्या घरांत नवराबायको एकमेकांना ‘आप’ म्हणतात, लहान मुलांनाही ‘आप’ म्हणतात. तिथे ‘आप’मध्ये परकेपणा नसतो, ती घरातली रोजची बोली असते. बऱ्याच घरांत नवरा बायकोला ‘तुम’ आणि बायको नवऱ्याला ‘आप’ म्हणते, आपल्याकडच्या ‘अगं’ आणि ‘अहो’सारखं. शहरांतल्या तरुण जोडप्यांत दोन्हीकडून ‘तुम’ दिसतं. मुंबईच्या हिंदीत ‘तू’ सर्रास चालतो, कारण ती हिंदी मराठीच्या शेजारी वाढली. दिल्लीकडे ‘आप बैठो’, ‘आप बताओ’ असं ‘आप’ला ‘तुम’चं क्रियापद जोडलेलं ऐकू येतं. तो अपमान नाही, तिथली सवय आहे.

आणखी एक गोष्ट ऐकून ठेवा. लखनौपासून पाटण्यापर्यंत अनेक जण ‘मैं’च्या जागी ‘हम’ म्हणतात. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात मला मेसेज आला, ‘हम आठ बजे तक पहुँचेंगे।’ मी चार माणसांचा स्वयंपाक केला. आला तो एकटा. हे ‘हम’ मोठेपणाचं नाही, आपल्या ‘मी’इतकंच साधं आहे, पण त्याच्याबरोबर येणारी क्रियापदं अनेकवचनी असतात. मेसेजमध्ये ‘हम’ दिसलं की एकदा विचारा: एकटा की सगळे?

घरचा कान ओळखायचा सोपा मार्ग म्हणजे आठवडाभर वाचत राहणं. जोडीदार तुम्हाला काय लिहितो ते सोडा, कारण तो तुम्हाला सांभाळून लिहीत असेल. तो धाकट्या बहिणीला, भावाला, वहिनीला काय म्हणतो ते पाहा. त्याची आई वडिलांना काय म्हणते ते ऐका. धाकट्या बहिणीलाही ‘आप’ म्हणणाऱ्याला ‘तू’ किती टोचेल, हे यावरून कळतं.

विचारा, पण सर्वनाम न वापरता

ऐकून अंदाज आला तरी विचारावं. अडचण अशी की ‘मैं तुम्हें आप लिखूँ?’ म्हटलं की प्रश्नातच एक पायरी चढून झालेली असते. म्हणून असं लिहा: ‘चिट्ठी में “तुम” अच्छा लगता है या “आप”?’ या वाक्यात कोणालाच हाक नाही. मी असंच विचारलं होतं. उत्तर आलं, ‘अकेले में तुम, घरवालों के सामने आप।’ हे उत्तर अनेक घरांत मिळेल, आणि त्याचा पुढे उपयोग होतो.

उत्तर येईपर्यंतचे दिवसही काढता येतात. मराठीत ठरलेलं लग्न आणि झालेलं लग्न यांच्या मधल्या काळात कितीतरी मुलामुलींनी महिनेच्या महिने ‘जेवण झालं का?’, ‘कधी निघायचं?’, ‘तब्येत बरी आहे ना?’ यावर काढले आहेत. ना तू, ना तुम्ही. हिंदीतही हे जमतं. ‘खाना खाया?’ यात पायरी कळत नाही, कारण ‘तूने’, ‘तुमने’, ‘आपने’ कुणाहीपुढे ‘खाया’ तसंच राहतं. आपलं ‘जेवलास’, ‘जेवलात’ लगेच उघडं पडतं, हिंदीचं ‘खाया’ पडत नाही. ‘कब निकलना है?’, ‘तबीयत कैसी है?’ हेही सुरक्षित. ‘ठीक से पहुँच गए?’ म्हटलं की ‘तू’ गळतो, पण ‘तुम’ आणि ‘आप’ दोन्ही शक्य राहतात. बायकोला किंवा मैत्रिणीला लिहीत असाल तर ‘पहुँच गईं?’, शेवटच्या अनुस्वारासह. तो अनुस्वार काढला तर ‘पहुँच गई?’ होतं आणि तुम्ही नकळत ‘तू’वर येता.

इथे एका ठिकाणी पाय घसरतो. मराठीत ‘पोचल्यावर फोन करायचा’ हे हाक टाळून सांगणं आहे. त्याचं हिंदी आपण ‘पहुँचकर फ़ोन करना’ असं करतो आणि वाटतं, हेही तसंच आहे. नाही. हिंदीत ‘करना’ ही आज्ञा ‘तुम’ची (किंवा ‘तू’ची) आहे. ‘आप’ला ‘कीजिएगा’ लागतं. जिथे ठरलेलं नाही तिथे आज्ञाच टाळा आणि लिहा: ‘पहुँचकर एक फ़ोन आ जाए तो चैन पड़े।’ लखनौवाल्यांना असं वाक्य फार आवडतं, हे अनुभवाने सांगते.

ठरल्यावर पूर्ण पत्र त्याच पायरीवर लिहा

शब्द निवडणं सोपं, तो शेवटपर्यंत सांभाळणं कठीण. मराठीत विचार करून हिंदीत लिहिताना पायरी मधेच बदलते आणि लिहिणाऱ्याला पत्ता नसतो. एक छोटं पत्र घेऊ. मराठीत मनात असं आहे:

‘काल तू खूप दमला होतास. नीट जेवलास का? तुझं औषध वेळेवर घे. तुझी आठवण येते. तुला सुट्टी कधी आहे ते कळव.’

घाईत मी याचं असं हिंदी केलं होतं: ‘कल तू बहुत थका था। ठीक से खाया क्या? तुम्हारी दवा समय पर लो। आपकी याद आती है। तुझे छुट्टी कब है, बताइए।’ पाच वाक्यांत तीन पायऱ्या. वाचणाऱ्याला अर्थ कळतो, पण आपण त्याला नक्की कुठे बसवलंय ते कळत नाही.

‘तुम’वर ठरवलं तर पत्र असं होतं: ‘कल तुम बहुत थके हुए थे। ठीक से खाना खाया? अपनी दवा समय पर लेना। तुम्हारी याद आ रही है। तुम्हें छुट्टी कब है, बताना।’

‘आप’वर ठरवलं तर: ‘कल आप बहुत थके हुए थे। ठीक से खाना खाया? अपनी दवा समय पर लीजिएगा। आपकी याद आ रही है। आपको छुट्टी कब है, बताइएगा।’

दोन्हींत मधलं वाक्य, ‘ठीक से खाना खाया?’, जसंच्या तसं राहिलं, कारण त्यात पायरीच नाही. औषधाच्या वाक्यात मात्र मराठी माणसाची ठरलेली चूक दडलेली आहे. आपण ‘तुझं औषध घे’ म्हणतो म्हणून ‘तुम्हारी दवा लो’ लिहितो. हिंदीत वाक्याचा कर्ता आणि वस्तूचा मालक एकच असेल तर ‘अपना, अपनी’ येतं: ‘अपनी दवा’, ‘अपना ख़याल’. एकदा ‘अपनी’ आलं की त्या शब्दातून पायरी पुसली जाते आणि सगळा भार क्रियापदावर पडतो. ‘अपना ख़याल रखो’, ‘अपना ख़याल रखना’ हे दोन्ही ‘तुम’चे, त्यांत ‘रखना’ जरा मऊ, निरोप घेतानाचा. ‘रखिए’ आणि ‘रखिएगा’ हे दोन्ही ‘आप’चे, ‘रखिएगा’ त्याच चालीने मऊ. पत्राच्या शेवटी मऊ रूपच वापरा. ‘रखो’, ‘रखिए’ शेवटी आले की सूचना दिल्यासारखं वाटतं.

पत्र लिहून झालं की पाठवण्याआधी फक्त शेपट्या वाचा. ज्या वाक्याचा कर्ता समोरचा माणूस आहे, त्याच्या शेवटी ‘है’ असेल तर तो ‘तू’चा, ‘हो’ असेल तर ‘तुम’चा, ‘हैं’ असेल तर ‘आप’चा. आज्ञा ‘ओ’ने संपली तर ‘तुम’, ‘इए’ने संपली तर ‘आप’. त्यानंतर मधले शब्द: ‘तुझे, तुम्हें, आपको’ आणि ‘तेरा, तुम्हारा, आपका’. ‘तेरा’ आणि ‘तुझे’ मराठी हाताला फार सवयीने येतात, कारण ‘तुझा’, ‘तुला’ त्यांच्या अगदी जवळ आहेत. ते दोन शब्द खास शोधा.

‘आप’ निवडलं असेल तर अनुस्वार तपासा. ‘आप कैसे है’, ‘आप आए थे तब मै सो रही थी’ असं मराठी माणूस नेहमी लिहितो, कारण आपल्या ‘आहे’ला अनुस्वार नसतो आणि डोळा तो शोधतच नाही. ‘मैं’वरचा ठिपका गेला तर ती नुसती लिहिण्यातली चूक, पण ‘हैं’वरचा गेला की ‘आप’चा मान तिथेच अर्धा होतो. ‘आप’ हा आदर आहे आणि ‘है’ हे एकवचन. दोघं एका वाक्यात बसत नाहीत.

पायरी बदलायची वेळ

‘आप’वरून ‘तुम’वर यायचं असेल तर साधा दिवस निवडा. वाईट बातमी कळवताना, पैशाचं बोलताना किंवा एखाद्या वादाच्या दुसऱ्या दिवशी नको, कारण तेव्हा बदललेला शब्द त्या प्रसंगाला चिकटतो. एका मेसेजमध्ये बदल सांगून टाका, ‘आज से तुम, ठीक?’, आणि मग त्याच आठवड्यात परत ‘आप’वर जाऊ नका. मधे डळमळलात की समोरचा प्रत्येक मेसेजात अर्थ शोधू लागतो: आज ‘आप’ का?

त्याहून जपायचं ते उलट्या दिशेला. रोज ‘तुम’ लिहिणाऱ्याने भांडणात अचानक ‘आप जैसा ठीक समझें’ लिहिलं तर ते दार लावल्यासारखं असतं. मराठीत बायकोने एकदम ‘तुम्हाला जे योग्य वाटेल ते’ म्हटलं की घरातली हवा बदलते, तसंच. मी एकदा हे केलं आहे, तेही मराठी सवयीने, समजूतदारपणे लिहितेय अशा समजुतीत. त्याला वाटलं मी लग्नच मोडतेय. तेव्हापासून आमचा नेम आहे की राग असेल तर जास्त लिहायचं नाही, पण शब्द रोजचाच ठेवायचा. रोजचा ‘तुम’ तसाच असला की रागातही समोरच्याला पायाखाली जमीन राहते.

‘तू’चं काय? काही जोडपी वर्षानुवर्षांनी त्याच्यापर्यंत येतात आणि ते त्यांचं स्वतःचं असतं. तुमचा जोडीदार मुंबईत वाढलेला असेल तर कदाचित पहिल्या दिवसापासून चालेल. बाकीच्यांनी तो आधी तोंडी वापरून पाहावा, आवाजासकट. समोरून ‘तू’ परत आला तरच लिहावा.

घरच्या ग्रुपवर

‘अकेले में तुम, घरवालों के सामने आप’ हे उत्तर मिळालं असेल तर दोन ठिकाणी दोन रूपं सांभाळावी लागतात. मराठी मुलीला हे खोटं वाटतं, मलाही वाटलं होतं. मग माझी आजी आठवली. ती माहेरच्या माणसांसमोर आजोबांना ‘तुम्ही’ म्हणायची आणि अंगणात दोघंच असली की ‘ऐकलंस का?’ म्हणायची. तेव्हा कोणालाच ते खोटं वाटलं नव्हतं.

खरी अडचण जोडीदाराबद्दल लिहिताना येते. आज बहुतेक मराठी मुली सासूबाईंना ‘तो झोपलाय’ असं सहज सांगतात. मी ग्रुपवर लिहिलं, ‘वो सो रहा है।’ सासूबाईंनी मला वेगळा फोन करून, अगदी प्रेमाने, विचारलं की बेटा, सब ठीक है ना? त्यांच्या कानाला नवऱ्याबद्दल ‘रहा है’ म्हणजे तक्रारीची सुरुवात होती. तिथे ‘वो सो रहे हैं’ हवं, किंवा नुसतं ‘अभी सो रहे हैं’. त्याने माझ्याबद्दल लिहिताना ‘वो सो रही है’ चालतं की ‘सो रही हैं’ हवं, हे आम्ही दोघांनी मिळून ठरवलं: दोघांबद्दल ‘हैं’. एकाला ‘रहे हैं’ आणि दुसरीला ‘रही है’ हे मला मान्य नव्हतं, आणि त्याला सांगितल्यावर त्यालाही पटलं. तुमच्या घरी वेगळं ठरेल. पण ठरवा, नाहीतर भाषा तुमच्यासाठी ठरवून टाकते.

आणि जोडीदाराने मराठीत लिहिलं तर

त्याची किंवा तिची चूक याच वाटेवर, उलट्या दिशेने होते. ‘तू’ लिहायची भीती वाटते, म्हणून तो तुम्हाला ‘तुम्ही’ लिहितो आणि तुम्हाला ते परकं लागतं. त्याला एवढं सांगा की मराठीत आईलाही ‘तू’ म्हणतात. माझ्या नवऱ्याला हे पटायला माझ्या आईसमोर एक जेवण व्हावं लागलं. ‘आई, तू बस ना, मी वाढते’ हे त्याने स्वतःच्या कानांनी ऐकलं.

त्यानंतर अडतो तो ‘स’. ‘तू’बरोबर भूतकाळात ‘आलास, आलीस, केलंस’ असा ‘स’ लागतो, ‘तुम्ही’बरोबर ‘आलात, केलंत’ असा ‘त’. हिंदीत असं काहीच नसल्याने हिंदी माणूस तो गाळतो. नागपूरकडेही ‘तू जेवली का?’ असंच म्हणतात, त्यामुळे ती चूक म्हणून मोजायची की नाही ते तुमच्या माहेरावर अवलंबून आहे. ‘तुम्ही कशी आहात?’ मात्र दुरुस्त करा. बाईला मान देताना ‘कशा’ लागतं, पुरुषाला ‘कसे’.

परवा मी उशिरापर्यंत ऑफिसात होते. त्याचा मराठीत मेसेज आला: ‘जेवलीस? मी भात लावलाय. आपण एकत्र जेवू.’ ‘स’ होता, आणि ‘आपण’ दोघांचं होतं. मी लिहिलं, ‘बीस मिनट में पहुँच रही हूँ, तुम बैठ जाना।’